आधी पुरावा, मग ब्लॉक

युवा मंडळातल्या मुलामुलींशी मोबाइलवरच्या त्रासाबद्दल बोलायला बसले की एक प्रश्न हमखास येतो: “ताई, कुणी घाणेरडं काही पाठवलं तर लगेच डिलीट करून ब्लॉकच करायचं ना?” तेरा ते सतराच्या वयात हेच सुचतं. डोळ्यांसमोरून ते एकदाचं जावं असं वाटतं. पण नेमकं हेच आधी करू नये. चॅट पुसलं की त्रास देणाऱ्याविरुद्धचा पुरावा आपल्याच हातानं नाहीसा होतो, आणि पुढे शाळेत किंवा पोलिसांत दाखवायला काही उरत नाही.

हे पटावं म्हणून मी मुलांपुढे एक रचलेला प्रसंग ठेवते. नववीची सहल. परतीच्या बसमध्ये एक मुलगी तोंड उघडं ठेवून झोपलीय. मागच्या सीटवरचा मुलगा तिचा फोटो काढतो आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. रात्रीपर्यंत त्याचं स्टिकर झालेलं असतं. आठवड्याभरात तिच्या नावानं, तोच फोटो लावून, इन्स्टाग्रामवर खोटं अकाउंट निघतं. आणि मग एके दिवशी कुणीतरी तिचा चेहरा दुसऱ्याच उघड्या शरीरावर चिकटवलेला फोटो तिला पाठवतो: “भेटायला ये, नाहीतर सगळ्यांना पाठवीन.”

पहिल्या पायरीवर गुन्हेगार शोधायची घाई नको. इथे सगळ्यात जास्त ताकद ग्रुपमधल्या गप्प बसलेल्या मुलांच्या हातात असते. त्यांनी ग्रुपवर भांडू नये, कारण प्रत्येक नव्या मेसेजनं तो ग्रुप सगळ्यांच्या यादीत पुन्हा वर येतो आणि फोटो पुन्हा पाहिला जातो. ॲडमिनला वेगळा मेसेज करावा: “हे काढ.” व्हॉट्सॲपवर ॲडमिनला ग्रुपमधला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. फोटो टाकणाऱ्यालाही स्वतःचा मेसेज सर्वांसाठी काढायला साधारण अडीच दिवस मिळतात. त्याला खरंच वाईट वाटलं असेल तर ती मुदत वाया घालवू नये. मात्र ज्यांनी तो आधीच जतन केला किंवा पुढे पाठवला, त्यांच्याकडची प्रत यामुळे परत येत नाही. आणि त्या मुलीला एक ओळ लिहावी: “मी पाहिलं. मला हसू आलं नाही. उद्या डब्याला एकत्र बसू.” छळ सोसणाऱ्या मुलाला सगळा वर्ग आपल्या विरोधात आहे असं वाटत असतं. ती समजूत मोडायला एक मेसेज पुरतो.

याच अडीच दिवसांची दुसरी बाजूही आहे. त्रास देणारा धमकी देऊन नंतर आपलाच मेसेज काढून टाकू शकतो. म्हणून स्क्रीनशॉट लगेच घ्यायचा, आणि तो कामाचा घ्यायचा. त्यात मेसेज, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. आपण सेव्ह केलेलं “बंटी” हे नाव पुरावा ठरत नाही, म्हणून नावावर टॅप करून त्याचा नंबर दिसणारा दुसरा स्क्रीनशॉट घ्यायचा. त्यानंतर रिपोर्ट करायचं. रिपोर्ट करताना चॅट डिलीट करण्याच्या पर्यायावर खूण असेल तर आधी ती काढायची, नाहीतर रिपोर्टबरोबर सगळं संभाषणही जातं. ब्लॉक सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या पायरीवर, म्हणजे खोट्या अकाउंटच्या वेळी, नुसतं नाव टिपून भागत नाही. नाव बदलता येतं. प्रोफाइलची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवायची आणि तोतयेगिरीची तक्रार करायची. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा तक्रारींसाठी कंपन्यांवर सुरुवातीला २४ तासांची मुदत घातली होती. तोतयेगिरी, बनावट रूप दिलेले फोटो आणि नग्नता दाखवणारे फोटो हे तिन्ही त्यात येतात. ही तक्रार जिचा फोटो आहे तिनं स्वतः किंवा तिच्या वतीनं घरच्यांनी केली की तिला वजन येतं. नुसतेच पन्नास मित्रांनी रिपोर्ट दाबून ते साधत नाही.

तिसऱ्या पायरीवर मात्र स्क्रीनशॉटचा नियम बदलतो, आणि हे मी मुलांना दोनदा सांगते. अठराच्या आतल्या मुलामुलीचा नग्न फोटो, तो बनावट असला तरी, “पुरावा” म्हणून मित्राला पाठवायचा नाही, जतन करायचा नाही, त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली असा मजकूर पाठवणं गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण जातंच. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं साहित्य नुसतं पाहणं आणि बाळगणंही गंभीरपणे घेतलं. “मी काढला नव्हता, फक्त पुढे पाठवला” याला कायद्यात जागा नाही. स्क्रीनशॉट धमकीच्या शब्दांचा, नंबरचा आणि वेळेचा घ्यायचा. ज्या मुलीला फोटो आला तिनं आपलं चॅट आहे तसं ठेवावं आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाला दाखवावं.

धमकी देणाऱ्याला भेटायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो तर नाहीच. एकदा दिलं की मागणी वाढते, कारण धमकी लागू पडते हे त्याला कळलेलं असतं. १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे उकळले गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करायचा.

फोटो पसरू नये म्हणून takeitdown.ncmec.org ही अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची मोफत सेवा आहे. अठरा वर्षांखालच्या वयातले फोटो तिथे नोंदवता येतात. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनमध्येच त्याचा अंगठ्याच्या ठशासारखा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांना मिळतो. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट त्यांत आहेत. तसाच फोटो तिथे आला की ठशावरून ओळखून काढता येतो. याला मर्यादाही आहेत. फोटो कापला किंवा बदलला तर ठसा बदलतो, आणि व्हॉट्सॲपसारख्या कुलूपबंद संभाषणात हा शोध चालत नाही.

राहता राहिला मोठ्या माणसांचा प्रश्न. मुलं गप्प का बसतात हे विचारलं की मला बहुतेक एकच उत्तर मिळतं: “घरी कळलं तर फोन काढून घेतील.” म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच शिक्षा. धमकी देणाऱ्याचा सगळा धंदा या भीतीवर चालतो. त्यामुळे पालकांना माझं सांगणं एवढंच असतं: मूल काही सांगायला आलं तर त्या दिवशी फोन हिसकावू नका आणि “तू फोटो पाठवलाच का?” हे विचारू नका. आधी विचारा, “कधीपासून चाललंय?” आणि मग शेजारी बसून वर सांगितलेल्या क्रमानं कामाला लागा.

मुलांकडून मी उठण्यापूर्वी एक काम करून घेते. रागावणार नाहीत अशा दोन मोठ्या माणसांची नावं त्यांनी वहीत लिहायची: आई, मामा, वर्गशिक्षिका, मंडळातली ताई, कुणीही. त्याखाली १०९८. संकट आल्यावर कुणाला सांगायचं हे ठरवत बसलं की रात्र निघून जाते, आणि फोटो पसरायला तेवढा वेळ फार होतो.