पेटीवरचा वाग्नर, सा हरवलेला

अंबाजोगाईच्या एखाद्या भजनी मंडळाची पेटी मिळाली, तर तिच्यावर पांढरी चार, पांढरी सात, त्यावरच्या सप्तकातली काळी दोन आणि काळी चार या चार पट्ट्या एकदम दाबून पाहा. एका हाताला हा पल्ला झेपत नाही, म्हणून भाता दुसऱ्या कुणाकडे द्यावा. रिचर्ड वाग्नरने 1859 साली पुऱ्या केलेल्या ‘ट्रिस्टन उंड इसोल्डे’ या ऑपेराच्या अगदी सुरुवातीला ही कॉर्ड येते. पुढच्या पन्नास वर्षांत युरोपच्या संगीतातून सा कसा निसटत गेला, ते सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

पांढरी सहा हा सा धरू, कारण कानाला सुरुवातीला तोच सा वाटतो. चेलो सा घेतो, कोमल धैवतावर उडी मारतो, पंचमावर उतरतो आणि तीव्र मध्यमावर येतो. तिथे ही कॉर्ड वाजते: खाली कोमल धैवत, मग शुद्ध रिषभ, तीव्र मध्यम आणि वर शुद्ध निषाद. आता ओबो निषादापासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर सरकतो: नी, सा, कोमल रे, शुद्ध रे. खाली धैवत पंचमावर येतो आणि तीव्र मध्यमाचा शुद्ध मध्यम होतो. उरते ती प, नी, रे, म यांची कॉर्ड. युरोपियन कानाला तिचा अर्थ एकच: आता सा येणार.

सा येत नाही. येते ती शांतता.

मग हाच तुकडा वरच्या पट्टीतून पुन्हा वाजतो, आणि तिसऱ्यांदाही. दर वेळी ‘सा येणार’ असं सांगणारी कॉर्ड वेगळी, म्हणजे अपेक्षित सा सुद्धा वेगळा. सतराव्या मात्रागटात ‘सा येणार’ सांगणाऱ्या पहिल्या कॉर्डची अखेर सुटका होते, पण ती साकडे न जाता कोमल धैवताकडे वळते. सुरुवातीची चार पट्ट्यांची कॉर्ड वाग्नरच्या आधीही इतरांनी वापरली होती, त्यामुळे नुसत्या चार पट्ट्यांमध्ये नवं काही नाही. नवी आहे ती टाळाटाळ. प्रत्येक स्वर शेजारच्या अर्ध्या स्वरावर घसरायला तयार असतो, म्हणून एका कॉर्डमधून तीन-चार वाटा फुटतात आणि कान एकीवरही ठाम राहत नाही.

इथे आपला माणूस विचारेल की बारा स्वर तर भैरवीतही लागतात, मग आमचा सा का हलत नाही? कारण तो तानपुऱ्यावर सतत वाजत असतो. दोन्ही मध्यम, दोन्ही निषाद काहीही घ्या, प्रत्येक स्वराचं सापासूनचं अंतर त्याच क्षणी ऐकू येतं. युरोपियन संगीतात तानपुरा नाही. तिथला सा कुणी वाजवत ठेवत नाही. तो कॉर्डच्या ये-जा करण्यातून सिद्ध होतो, विशेषतः पंचमावरची कॉर्ड सावर येऊन थांबते तेव्हा. ते थांबणंच लांबवत नेलं की साचा पुरावाच उरत नाही. वाटल्यास वाग्नरचा तोच तुकडा मोबाइलवर लावा आणि पेटीवर पांढरी सहा धरून ठेवा. प्रत्येक स्वराला लगेच नाव मिळतं आणि अस्वस्थता बरीच ओसरते.

वाग्नरने मात्र कर्ज फेडलं. 1865 साली म्युनिकला पहिल्यांदा सादर झालेल्या या ऑपेराच्या अखेरीस, कित्येक तासांनी, सुरुवातीची ती कॉर्ड खरोखर सुटते. फक्त तेव्हाचा सा पांढरी सात असतो, सुरुवातीचा नव्हे. पुढच्या पिढीला फेडण्याची घाई उरली नव्हती. व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्गने 1899 मध्ये सहा तंतुवाद्यांसाठी ‘फेरक्लेर्टं नाख्ट’ लिहिलं. एका संगीतसंस्थेने ते नाकारलं, कारण त्यातली एक कॉर्ड पुस्तकात नव्हती. (पुस्तकात नाही म्हणून नाकारणारे परीक्षक आपल्याकडेही आहेत.)

खरा तुटण्याचा क्षण मात्र त्याच्या दुसऱ्या तंतुवाद्य चौकडीत, 1908 साली. पहिलं अंग काळी तीनला सा मानतं. चौथ्या अंगापर्यंत येताना स्वरलिपीच्या डोक्यावरची पट्टीची खूणच नाहीशी होते, आणि एक गायिका चौघा वादकांत सामील होऊन गाते. हे अंग ऐकताना एक कसोटी लावता येते. मधेच थांबवा आणि सा गुणगुणून पाहा. वाग्नरमध्ये काही ना काही जमतं, भले चुकीचं. इथल्या कित्येक जागी गळा नुसता उघडा राहतो. 21 डिसेंबर 1908 ला रोझे चौकडीने व्हिएन्नात ही रचना वाजवली, तेव्हा श्रोत्यांनी हसून गोंधळ घातला.

त्या लोकांना पुरता दोष देता येत नाही, पण एक गोष्ट त्यांच्याकडून निसटली असावी: ही चौकडी शेवटी काळी तीनच्या शुद्ध गंधारवाल्या कॉर्डवर येऊनच संपते. शोनबर्गने तेव्हाही शेवटच्या टप्प्यावर साला हाक मारली होती. 1909 च्या तीन पियानो तुकड्यांत मात्र त्याने तीही मारली नाही.