वर्गमूळाचा विकलज आणि नववीतली युक्ती

आठ आकडे दाखवणारा साधा कॅल्क्युलेटर घ्या. ९ चं वर्गमूळ ३. आता ९ किंचित वाढवला, तर त्या वाढीच्या मानाने वर्गमूळ किती वाढतं? ९.०१ चं वर्गमूळ ३.००१६६६२ येतं. म्हणजे ०.०१ वाढीला वर्गमूळ ०.००१६६६२ ने वाढलं, भागाकार ०.१६६६२. वाढ आणखी बारीक घेतली की उत्तर जास्त नेमकं यायला हवं, म्हणून ९.०००००१ घेऊन पाहा. वर्गमूळ ३.०००००0१ दिसतं आणि भागाकार येतो ०.१. आणखी एक शून्य वाढवलं की पडद्यावर नुसता ३ उरतो आणि उत्तर शून्य!

बिघाड वजाबाकीत आहे. जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की कामाचे आकडेच उडून जातात. कागदावरही तेच होतं. √x चा विकलज म्हणजे

(√(x+h) − √x) / h

या गुणोत्तराची, h शून्याकडे जाताना मिळणारी सीमा. थेट h = 0 ठेवलं तर हाती ०/० येतं, आणि त्यातून काहीच कळत नाही.

इथे नववीतलं छेदाचं परिमेयीकरण आठवतं. करणी छेदातून घालवायला आपण अनुबद्ध जोडीने गुणायचो. इथे तेच करायचं, पण अंशासाठी. वर-खाली दोन्हीकडे √(x+h) + √x ने गुणू. (फक्त वर गुणलं तर किंमतच बदलते, पेपरात ही चूक हमखास दिसते.) अंशात (a − b)(a + b) = a² − b² लागू होऊन मुळं निघून जातात आणि (x+h) − x, म्हणजे नुसता h उरतो:

h / ( h (√(x+h) + √x) ) = 1 / (√(x+h) + √x)

h शून्याकडे जातो, पण शून्य नसतो, म्हणून तो खुशाल काटता येतो. अडवणारा h गेला, आता h = 0 ठेवायला हरकत नाही. उत्तर 1/(2√x). x = 9 ला १/६, म्हणजे ०.१६६६…

आता तोच कॅल्क्युलेटर पुन्हा घ्या आणि वाढही तीच, ०.०००००१. या वेळी १ भागिले (३.०००००0१ + ३) करा. ०.१६६६६६६ येतं! वर्गमूळ तेवढंच तोकडं आहे, पण वजाबाकीच्या जागी बेरीज आल्यामुळे आकडे वाचले. अनुबद्ध जोडीचं खरं काम मला तरी इथेच दिसतं.

x = 0 ला मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे गुणोत्तर √h / h, म्हणजे 1/√h होतं, आणि h फक्त धन घेता येतो. h = ०.०००१ ला त्याची किंमत १००, ०.००००००१ च्या दहाव्या भागाला, म्हणजे ०.००००००0१ ला, १०,०००. ती वाढतच जाते, त्यामुळे सीमा नाही आणि विकलजही नाही. आलेखात वक्र आरंभबिंदूपाशी सरळ उभा चढतो.