अंदाजाशिवाय ठरणारी किंमत

एका कंपनीचा शेअर आज १,००० रुपयांना मिळतो आहे. तीन महिन्यांनी हाच शेअर १,०५० रुपयांना विकत घेण्याचा हक्क कोणी विकत असेल, तर त्या हक्काचे किती पैसे मोजावेत? अशा हक्काला कॉल ऑप्शन म्हणतात. १,०५० ही त्याची स्ट्राइक प्राइस आणि हक्कासाठी आज मोजायची रक्कम म्हणजे प्रीमियम. घेणाऱ्यावर सक्ती नसते. भाव १,०५० च्या खाली राहिला, तर तो हक्क सोडून देतो आणि त्याचा फक्त प्रीमियम जातो.

प्रीमियम ठरवायचा, तर शेअर वर जाण्याची शक्यता किती हे आधी ठरवायला हवे, असे कोणालाही वाटेल. पण एका सोप्या गणितात या शक्यतेची गरजच पडत नाही. विल्यम शार्प यांनी ही कल्पना १९७८ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात मांडली. पुढच्या वर्षी जॉन कॉक्स, स्टीफन रॉस आणि मार्क रुबिनस्टीन यांनी एका शोधनिबंधात तिचा पूर्ण विस्तार केला. तिला बायनॉमियल ट्री, म्हणजे दोन फांद्यांचे झाड म्हणतात, आणि त्याची एकच पायरी समजली तरी सगळी युक्ती हाती येते.

समजा, तीन महिन्यांनी या शेअरचा भाव फक्त दोनपैकी एक असू शकतो: १,२०० किंवा ९००. कंपनी मधल्या काळात लाभांश देणार नाही. तीन महिन्यांचे व्याज २ टक्के, आणि त्याच दराने पैसे उसनेही मिळतात, ठेवताही येतात. भाव १,२०० झाला तर कॉलधारकाला १५० रुपये मिळतील. ९०० झाला तर शून्य.

आता कॉल बाजूला ठेवून शेअर आणि कर्ज या दोनच गोष्टी वापरायच्या आणि अगदी हेच दोन निकाल मिळतील अशी जुळणी करायची. दोन शक्यतांमध्ये कॉलच्या किमतीत १५० चा फरक पडतो, शेअरच्या किमतीत ३०० चा. म्हणजे अर्धा शेअर घेतला की तेवढाच फरक पडेल. या अर्ध्याला बाजारात डेल्टा म्हणतात. अर्धा शेअर शेवटी ६०० किंवा ४५० रुपयांचा होईल. कॉल मात्र १५० किंवा शून्य देतो, म्हणजे दोन्ही वेळा बरोबर ४५० कमी. म्हणून असे कर्ज काढायचे, की तीन महिन्यांनी व्याजासकट ४५० फेडावे लागतील. आज ते कर्ज ४५० भागिले १.०२, म्हणजे ४४१ रुपये १८ पैसे मिळेल.

अर्ध्या शेअरला ५०० रुपये लागतात. त्यातले ४४१.१८ कर्जाचे. खिशातून जातात ५८ रुपये ८२ पैसे. ही जुळणी शेवटी हुबेहूब कॉलसारखेच पैसे देते, त्यामुळे कॉलची किंमतही तीच असली पाहिजे.

‘असली पाहिजे’ यामागे नैतिक आग्रह नाही, नफ्याची ओढ आहे. समजा हाच कॉल बाजारात ८० रुपयांना जातो आहे. एखादा व्यापारी शंभर शेअरचे कॉल विकून ८,००० रुपये घेईल, ४४,११८ रुपये कर्ज काढेल आणि ५०,००० रुपयांचे पन्नास शेअर घेईल. त्याच्या हातात आजच २,११८ रुपये उरतात. भाव १,२०० झाला, तर शेअर विकून ६०,००० येतात. त्यातले ४५,००० कर्जाला आणि १५,००० कॉलधारकाला जातात. भाव ९०० झाला, तर शेअरचे ४५,००० थेट कर्जात जातात आणि कॉलधारकाचे देणे शून्य. दोन्ही वेळा हिशेब चुकता होतो आणि २,११८ कायम राहतात. अशी संधी दिसली की विकणारे धावतात आणि भाव खाली येतो. कॉल स्वस्त असेल तर याच्या उलट करायचे, पण त्यासाठी शेअर उसने घेऊन विकावे लागतात. भारतात रोखीच्या बाजारात ते तितके सहज नाही, म्हणून तिथे बहुधा फ्युचर्सचा आधार घेतात.

या सगळ्यात ‘वर जाण्याची शक्यता’ कुठेच आली नाही. तरीही तोच आकडा शक्यतेच्या भाषेत मांडता येतो, आणि गोंधळ नेमका इथे होतो. शेअरवरचा सरासरी परतावा २ टक्के व्याजाइतकाच आहे, असे मानायचे. म्हणजे अपेक्षित भाव १,०२०. तो येण्यासाठी वरच्या फांदीला किती वजन द्यावे लागेल?

q = (१०२० − ९००) / (१२०० − ९००) = ०.४

१५० चे ४० टक्के ६०, ते १.०२ ने भागले की पुन्हा ५८.८२. या ०.४ ला जोखीम-तटस्थ संभाव्यता म्हणतात. हा कोणाचाही अंदाज नव्हे. शेअर खरोखर चाळीस टक्के वेळा वाढेल, असे तो सांगत नाही. नकलेचेच गणित वेगळ्या रूपात मांडले की तो निघतो. तो शून्य आणि एक यांच्या मध्ये यायला हवा. तसा आला नाही, तर व्याज दोन भावांमधल्या परताव्याच्या पट्ट्याबाहेर गेले आहे आणि आकड्यांची मांडणीच चुकली आहे, असे समजावे.

खरी शक्यता ७० टक्के असेल तर? मग कॉलमधून सरासरी १०५ रुपये अपेक्षित आहेत. ५८.८२ गुंतवून १०५, म्हणजे तीन महिन्यांत ७८ टक्क्यांहून जास्त परतावा. कॉल स्वस्त मिळाल्याचे हे लक्षण नव्हे. कर्ज काढून शेअर घेतल्यावर जेवढी जोखीम वाढते, तेवढा हा परतावा वाढतो. शेअरबद्दलची आशा त्याच्या आजच्या १,००० रुपयांत आधीच धरलेली असते. कॉलच्या अपेक्षित रकमेला कोणत्या दराने आजच्या किमतीत आणायचे, यावर पॉल सॅम्युएलसन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाचे १९६५ चे काम अडले होते. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी दाखवलेल्या वाटेत तो दर शोधावाच लागत नाही.

दिशा सुटली, पण पट्ट्याची रुंदी सुटत नाही. भाव १,२०० आणि ९०० ऐवजी १,१०० आणि ९५० मानले, तर कॉल ५० किंवा शून्य देतो, डेल्टा एक तृतीयांश होतो आणि किंमत २२ रुपये ८८ पैशांवर येते. शेअर तोच, स्ट्राइक तीच, व्याज तेच. ऑप्शनच्या दलालांचे भांडण असते ते या चढउताराच्या अंदाजावर, ज्याला ते व्होलॅटिलिटी म्हणतात.

मोठी अडचण वेगळीच आहे. तीन महिन्यांनी भाव दोनच असतील, हे कोणी मानणार नाही. भाव १,३०० झाला, तर कॉल विकणाऱ्याला २५० द्यावे लागतात, पण अर्धा शेअर विकून आणि कर्ज फेडून त्याच्याकडे २०० च असतात. पन्नास रुपये कमी पडतात. तीन निकाल आणि साधने दोनच असली की नक्कल अपुरी राहते. त्यावर उपाय म्हणून तीन महिन्यांचे लहान लहान तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यात दोनच फांद्या धरतात आणि प्रत्येक वळणावर डेल्टा नव्याने मोजून शेअर घेतात किंवा विकतात. तुकडे वाढवत गेले की उत्तर ब्लॅक-शोल्सच्या सूत्राकडे सरकते. मात्र प्रत्येक खरेदी-विक्रीवर दलाली आणि कर लागतो, आणि एखाद्या बातमीने रात्रीत भावाची मोठी उडी झाली तर मधल्या वळणांवर डेल्टा बदलायला वेळच मिळत नाही. तेव्हा पन्नास रुपयांची ती तूट कॉल विकणाऱ्याच्याच खिशातून जाते.