छत्तीसचा ब्लाऊज वाढवून सेहेचाळीसचा का होत नाही? मोठ्या मापाच्या कपड्यांमागचं गणित

हुबळी-धारवाड : लग्नसराई सुरू झाली की बेळगाव, खानापूर, हल्याळकडची मंडळी खरेदीला हुबळी गाठतात. दुर्गदबैलच्या गर्दीत साडी मनासारखी मिळते. घोळ होतो तो तयार ब्लाऊजपाशी. "अक्का, एक्स्ट्रा साइज हाय की, छेचाळीस!" म्हणत दुकानदार पाकीट पुढं करतो. आकडा बरोबर असतो, छातीवर हुकही लागतात. पण खांदा घसरतो, दंडाला बाही रुतते आणि हात वर केला की ब्लाऊज पोटावरून वर चढतो. बाई घरी येऊन म्हणते, "माझं अंगच असलं, काय करायचं?"

अंगाचा यात काही दोष नाही. गडबड कागदावरच्या कटिंगमध्ये असते. ती कशी होते आणि ओळखायची कशी, ते एका ब्लाऊजच्या मापावरून पाहू.

झेंडा मोठा होतो, तसं अंग मोठं होत नाही

हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात राष्ट्रध्वज तयार होतो, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. ध्वजाची ठरलेली मापं नऊ. सगळ्यात लहान १५० बाय १०० मिलिमीटरचा, सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा. लांबी बेचाळीस पट झाली की रुंदीही बरोबर बेचाळीस पट होते. तीनास दोन हे प्रमाण कुठंच बदलत नाही, म्हणून एक माप नीट ठरलं की बाकीची आठ त्याच हिशेबानं निघतात.

माणसाचं अंग या हिशेबानं वाढत नाही. छत्तीसचं कटिंग सरळ सेहेचाळीसवर नेलं तर प्रत्येक माप सव्वापटीहून जास्त होईल. चौदा इंचांचा खांदा जवळजवळ अठरा इंचांचा होईल, चौदा इंचांची उंचीही तेवढीच होईल. असा ब्लाऊज कुणालाच बसणार नाही. कारण सोपं आहे. वजन वाढलं तरी खांद्याची हाडं रुंद होत नाहीत आणि मानेपासून कमरेपर्यंतची लांबीही फारशी बदलत नाही. भर पडते ती मांसल जागी, म्हणजे छाती, दंड, पाठ आणि पोटावर. तीही सगळीकडे सारखी पडत नाही.

साइज चढवताना नेमकं काय होतं

कारखान्यात कुणी झेरॉक्ससारखं सरसकट मोठं करत नाही. तिथं एका मधल्या मापाचं कटिंग पक्कं करतात, ते एका बाईच्या अंगावर घालून बघतात आणि मग ठरलेल्या नियमानं पुढची मापं काढतात. यालाच ग्रेडिंग म्हणतात. छाती दर साइजला दोन इंच वाढली, तर खांदा किती वाढवायचा, बाही किती, मुंढा किती, हे आधीच ठरलेलं असतं.

नमुन्यादाखल एक नियम घेऊ. छत्तीसच्या कटिंगमध्ये खांदा १४ इंच, बाहीचा दंडावरचा घेर १२ इंच आणि मुंढ्याची खोली साडेसहा इंच आहे. दर साइजला खांदा अर्धा इंच, बाही अर्धा इंच आणि मुंढा पाव इंच वाढतो. ३८, ४०, ४२, ४४, ४६ अशा पाच पायऱ्या चढल्या की खांदा साडेसोळा, बाही साडेचौदा आणि मुंढा पावणेआठ इंच होतो.

आता जिची छाती खरोखर ४६ आहे, अशा बाईच्या अंगावर टेप धरू. समजा तिचा खांदा १५ इंच भरला. म्हणजे ब्लाऊजचा खांदा दीड इंचानं जास्त, दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच लोंबणारा. दंड १६ इंच भरला. हात हलायला इंचभर तरी सैल हवं, म्हणजे बाही १७ ची लागते. मिळाली साडेचौदाची, अडीच इंच कमी. मुंढा तिला सव्वासात पुरतो, मिळाला पावणेआठ. छातीचा आकडा तंतोतंत जुळला आणि बाकी तिन्ही मापं चुकली. दोन जास्त झाली, एक कमी पडलं.

नियम मुळात चुकीचा नव्हता. ३८ किंवा ४० पर्यंत त्यानं काम भागतं, कारण चूक तेव्हा पाव-अर्ध्या इंचाची असते आणि कापड ती झाकून नेतं. पण दर पायरीला चूक साठत जाते. म्हणून जाणते कटिंग मास्तर एका मूळ मापावरून वर-खाली दोन-तीन साइजच काढतात. त्याच्या पुढच्या मापांसाठी ४४ च्या आसपास नवं मूळ कटिंग करतात, ते त्याच मापाच्या बाईच्या अंगावर बघतात आणि तिथून नव्या नियमानं पुढं जातात. त्यात खांदा कमी वाढतो, दंड जास्त. यात वेळ आणि पैसा जातो, म्हणून बऱ्याच ठिकाणी जुनाच कागद पुढं ओढला जातो.

मुंढ्याची फसवी तक्रार

इथं एक उलटी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काखेत ओढ बसली की बायका टेलरला सांगतात, "मुंढा जरा खोल करा." खरी अडचण बहुतेक वेळा बाहीच्या घेराची असते. मुंढा खाली नेला की बाही अंगाच्या आणखी खालच्या भागाला जोडली जाते. मग हात वर करताना ती सगळा ब्लाऊज सोबत ओढते. मुंढा काखेच्या जवळ आणि बाही रुंद असली, की हात मोकळा होतो. बाही रुंद करताना तिचा वरचा गोल थोडा बसका करावा लागतो, नाहीतर ती मुंढ्यात बसवताना चुण्या पडतात.

छाती ४६, पण कुठली ४६?

सगळ्यात मोठी चूक होते ती एकाच आकड्यावर विसंबल्यानं. दोन बायकांची छाती ४६ असू शकते. पहिलीची काखेतून घेतलेली वरची छाती ४२ भरते, म्हणजे भर पुढं आहे. दुसरीची वरची छाती ४४ भरते, म्हणजे पाठ रुंद आहे. तक्त्यात दोघीही सेहेचाळीसच्याच.

बरीच कटिंग वरच्या आणि पूर्ण छातीत दोन इंचांचा फरक धरून केलेली असतात. आपणही तसंच धरू. दुसरीला ४६ चं कटिंग पुढून बरं बसेल, पाठीची रुंदी तेवढी तपासावी लागेल. पहिलीच्या छातीत फरक चार इंचांचा आहे. तिची वरची छाती ४२, त्यात दोन मिळवले की ४४. म्हणजे तिच्यासाठी मूळ कटिंग ४४ चं घ्यायचं आणि राहिलेले दोन इंच फक्त पुढच्या भागात द्यायचे, प्रत्येक बाजूला एक इंच. पाठीला हात लावायचा नाही. खांदा मात्र तक्त्यातला न घेता तिच्या अंगावरचा, १५ इंचांचाच ठेवायचा.

हा एक इंच कडेच्या शिवणीत देऊन उपयोग नाही. तो छातीच्या उंचवट्यापाशीच द्यावा लागतो. साध्या ब्लाऊजमध्ये त्यासाठी टक्स खोल होतात. कटोरी ब्लाऊजमध्ये वाटी मोठी होते, प्रिन्सेस कटमध्ये उभ्या शिवणीत जागा मिळते. पुढची उंचीही थोडी वाढवावी लागते, कारण उंचवट्यावरून खाली येताना कापड जास्त लागतं. ती वाढवली नाही, तर ब्लाऊजची पुढची कड मागच्यापेक्षा वर उचललेली दिसते.

आपल्या भागातल्या जुन्या बायका इरकल साडीवर खणाची चोळी घालत आणि पुढं गाठ मारत. गाठ जवळ-लांब करता यायची, त्यामुळं पुढचा कमी-जास्त घेर तिथंच सांभाळला जायचा. हुकाच्या पट्टीला ती सोय नाही.

"आत मार्जिन आहे, उसवून घ्या"

हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं, आणि ते अर्धं खरं आहे. बऱ्याच ब्लाऊजमध्ये कडेची शिवण काखेतून सलग बाहीत जाते. ती उसवली की छाती आणि दंड दोन्ही सैल होतात. थोडीच ओढ असेल तर एवढ्यानं भागतं. पण उसवून खांदा अरुंद होत नाही आणि टक्सही खोल होत नाहीत. म्हणून घेण्याआधी ब्लाऊज उलटा करून बघा : मार्जिन बाहीतही सोडलंय की नुसतं कडेला?

ताणणाऱ्या कापडात चुका थोड्या लपतात. खण, ब्रोकेड, रेशीम ताणत नाही, तिथं प्रत्येक अर्धा इंच जाणवतो.

आरशासमोर काय बघायचं

हुक लावून सरळ उभं राहा. छातीच्या उंचवट्याकडून काखेकडं तिरक्या सुरकुत्या जात असतील, तर पुढं कापड कमी आहे. दोन हुकांच्या मधे पट्टी उघडत असेल, तरी तेच. खांद्याची शिवण दंडावर उतरली असेल, तर साइज चढवताना खांदाही चढलाय. मग दोन्ही हात वर करा. ब्लाऊज दीड-दोन इंच वर गेला, तर मुंढा खोल आहे किंवा बाही अरुंद.

शिवायला टाकणार असाल, तर पूर्ण छातीसोबत आणखी पाच मापं स्वतःहून सांगा : वरची छाती, छातीखालचा घेर, खांदा, दंडघेर आणि खांद्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंतची लांबी. तयार घेताना तक्त्यात नुसती छाती-कंबर असेल, तर दुकानदाराला दंडाचा आणि खांद्याचा आकडा विचारा. त्याला सांगता आला नाही, तर टेप मागून पाकिटातला ब्लाऊज तिथंच मोजा.

भारतीय अंगाची स्वतःची मापं असावीत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, 'इंडिया साइज' ही मोजणी हाती घेतली. मुंबई, बेंगळुरू, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजारांवर माणसांची मापं स्कॅनरनं घ्यायची, अशी ती योजना. अशा मोजणीतून खांदा, दंड आणि छाती एकमेकांच्या हिशेबात कशी वाढतात, ते कळू शकतं. पण ते आकडे कटिंगच्या टेबलावर आले नाहीत, तर पाकिटावर ४६ लिहिलेलं असेल आणि आत वाढवलेलं छत्तीसच निघेल.