गरम हवा फेकणारा पंखा

मुलुंडला आमचे घर चौथ्या, म्हणजे अगदी वरच्या मजल्यावर आहे. डोक्यावर गच्ची, आणि गच्चीच्या डोक्यावर सूर्य. मे महिन्यात संध्याकाळी कॉलेजातून घरी यावे, पंख्याचे बटण दाबावे, आणि पंख्याने अंगावर कढत वाफ सोडावी असा अनुभव वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला असतो. आमची आजी तर म्हणते, "अरे, बंद कर तो पंखा! नुसता गरम हवा फेकतोय." गंमत अशी, की माझा एक मित्र आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या खालच्या घरात राहतो. खोल्या त्याच, खिडक्यांची तोंडे त्याच दिशेला, पंखाही त्याच मापाचा. पण त्याच्या घरचा पंखा गार वारा देतो आणि आमचा गरम. मग दोष पंख्याचा की आणखी कशाचा? या एका प्रश्नाचा माग काढता काढता बरेच काही हाती लागले, ते येथे मांडतो.

प्रथम पंख्याविषयी. पंखा खोली थंड करीत नाही. उलट त्याची मोटर जी सत्तर-पंचाहत्तर वॉट वीज घेते, ती शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. पंखा गार करतो तो आपल्याला. आपल्या त्वचेचे तापमान उन्हाळ्यात साधारण ३४ ते ३५ अंश सेल्सिअस असते. खोलीतील हवा त्याहून गार असेल, तर वाहता वारा अंगातील उष्णता काढून नेतो. शिवाय तो घाम वाळवतो, आणि घाम वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. यावरून पंख्याची मर्यादाही कळते. हवा जसजशी ३५ अंशांच्या जवळ जाते, तसतसा त्याचा पहिला उपयोग संपत जातो आणि केवळ घाम वाळवण्याचे काम उरते. मुंबईच्या दमट हवेत तेही मंदावते. म्हणून पंख्याखाली येणारी हवा एक-दोन अंशांनी अधिक गरम असली, तरी पंख्याचा गुण झपाट्याने उतरतो.

आता ही हवा गरम होते कशी ते पाहू. आमची गच्ची म्हणजे सहा इंची काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर गळती थांबवण्यासाठी घातलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा. दिवसभर हे सारे ऊन पिते. काँक्रीट आणि वीट उष्णता अडवीत नाहीत, फक्त तिला उशीर करतात. दुपारी एकच्या उन्हाची धग आमच्या छताच्या खालच्या बाजूस पोहोचते ती संध्याकाळी, आणि माणसे कामावरून घरी येतात तेव्हा छत सर्वांत तापलेले असते. उपनगरांतल्या टेकड्यांवर पत्र्याच्या छपराची जी घरे आहेत, तिथला प्रकार वेगळा. पत्रा उशीर करीत नाही. तो दुपारीच भट्टी पेटवतो, पण सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. एकाची दुपार जाते, दुसऱ्याची रात्र.

तापलेले छत आपल्याला दोन वाटांनी त्रास देते. एक म्हणजे ते थेट आपल्यावर उष्णता टाकते. शेगडीसमोर बसल्यावर मधली हवा न तापताही चेहरा तापतो, तसेच हे. दुसरे म्हणजे छताला लागून असलेला हवेचा थर तापतो. गरम हवा हलकी, म्हणून पंखा बंद असताना ती वरच साचून राहते. पंखा लावला की त्याची पाती नेमका हाच थर ओढून आपल्या अंगावर ढकलतात. वारा छताला घासून गेल्यामुळे छतातली उष्णताही अधिक वेगाने खोलीत उतरते. म्हणजे आजीचे म्हणणे अक्षरशः खरे होते! पंखा गरम हवाच फेकत होता, फक्त ती त्याने तापवलेली नव्हती.

हे किती मोठे प्रकरण आहे, याचा अंदाज एका उदाहरणाने येईल. समजा, दहा फूट बाय बारा फुटांची खोली आहे, म्हणजे छत सुमारे अकरा चौरस मीटर. रात्री आठ वाजता छताची खालची बाजू ३९ अंश आणि खोलीतील हवा व भिंती ३२ अंश आहेत असे धरू. छत व खोली यांच्यात एका अंशाचा फरक असला, तर दर चौरस मीटरमागे ढोबळपणे सहा वॉट उष्णता खाली येते. फरक सात अंशांचा, म्हणून सात गुणिले सहा गुणिले अकरा, म्हणजे सुमारे ४६० वॉट. मेच्या रात्री खोलीत अर्ध्या किलोवॉटची विजेची शेगडी पेटवून तिच्याखाली पंखा लावून बसावे, तसेच हे झाले.

याच खोलीच्या गच्चीवर स्लॅबच्या वरून दोन इंच जाडीचा उष्णतारोधक थर घातला तर? साध्या स्लॅबमधून जितकी उष्णता शिरते, तिच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकीच या थरातून शिरते. मग समजा छत ३३ अंशांवर आणि खोली ३१ अंशांवर राहिली, तर त्याच हिशेबाने येणारी उष्णता सुमारे १३० वॉट. पंखा तोच, त्याचा वेग तोच, वीजही तेवढीच. बदलले ते फक्त छत.

पण ३१ अंश म्हणजे काय सुख झाले, असे कोणीही विचारील. येथेच 'ॲडॅप्टिव्ह कम्फर्ट' ही कल्पना उपयोगी पडते. आपण तिला अनुकूलित स्वास्थ्य म्हणू. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ फॅंगर यांचा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. नियंत्रित तापमानाच्या बंद खोल्यांत माणसे बसवून केलेल्या प्रयोगांवर त्यांचे समीकरण आधारले होते, आणि ते साऱ्या जगाला लागू धरले गेले. वातानुकूलित कचेऱ्यांत आपण कुडकुडतो, त्याचे मूळ अशा एकाच मापाच्या हिशेबात आहे. परंतु माणसांना प्रयोगशाळेत न नेता त्यांच्या स्वतःच्या घरीदारी विचारले, तेव्हा उत्तर निराळे आले. १९७४ साली निकोल यांनी रुडकी आणि बगदाद येथील निरीक्षणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हंफ्रीज यांनी त्याच दशकात अनेक देशांतील पाहण्या एकत्र ठेवून दाखवले, की लोकांना सुखावह वाटणारे तापमान बाहेरच्या हवामानाबरोबर वरखाली होते.

याचे कारण माणूस हा तापमापक नाही. उकडले की तो काहीतरी करतो. सदरा काढून गंजीफ्रॉकवर बसतो, खिडकी उघडतो, गादी सोडून फरशीवर आडवा होतो, पंख्याचा रेग्युलेटर फिरवतो. काही आठवड्यांत शरीरही सरावते आणि घाम लवकर सुटू लागतो. तिसरी गोष्ट अपेक्षेची. मे महिन्यात महाबळेश्वरची हवा मुलुंडला मिळेल, अशी अपेक्षाच आपण धरीत नाही. रेग्युलेटर ज्याच्या हाती आहे, तो अधिक उष्मा आनंदाने सोसतो, हेही या अभ्यासांतून दिसले आहे.

भारतापुरता हा नियम अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी मांडला. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली व सिमला या पाच शहरांतील १६ इमारतींतून त्यांनी ६,३३० उत्तरे गोळा केली. त्यांच्या सूत्राप्रमाणे, खिडक्या उघड्या असणाऱ्या इमारतीसाठी गेल्या तीस दिवसांचे बाहेरचे सरासरी तापमान घ्यावे, त्याला ०.५४ ने गुणावे आणि १२.८३ मिळवावे. मेमध्ये आपल्याकडे ही सरासरी ३० अंशांच्या आसपास असते. गुणाकार १६.२, बेरीज २९.०३. म्हणजे सुमारे २९ अंश हे आपले मे महिन्यातील मध्यम तापमान, आणि त्याच्या वरखाली २.३८ अंशांपर्यंत दहातील नऊ जणांना चालते. वरची मर्यादा झाली ३१.४ अंश. हे तापमान केवळ हवेचे नव्हे. त्यात भोवतालच्या भिंती-छताची धगही धरायची असते.

आता आपली खोली या मापाने तपासू. खोलीत बसलेल्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या धगीत छताचा हिस्सा एक पंचमांश धरला, तर उघड्या स्लॅबच्या खोलीत भोवतालची सरासरी धग ३३.४ अंश होते. पंखा चालू असताना हवेला सात आणि धगीला तीन अशा प्रमाणात वजन दिले, की उत्तर ३२.४ अंश येते. म्हणजे मर्यादेच्या एक अंश बाहेर. रोधक थराच्या खोलीत हाच हिशेब ३१.१ अंश देतो, म्हणजे मर्यादेच्या आत. ज्या लोकांच्या उत्तरांतून ही मर्यादा ठरली, त्यांच्यापैकी अनेकांच्या डोक्यावर पंखा फिरतच होता, म्हणून पंख्याचा फायदा पुन्हा वजा करणे योग्य नव्हे. पंखा मर्यादा उंच नेतो, छत खोलीला त्या मर्यादेत बसवते. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

या सूत्राच्याही सीमा आहेत. ते कचेऱ्यांतील धडधाकट माणसांवरून बेतलेले आहे. अंथरुणाला खिळलेली आजी उठून खिडकी उघडू शकत नाही, आणि वयोमानाने तिला घामही कमी येतो. जुळवून घेण्याची साधनेच जिच्याजवळ नाहीत, तिला "सवय होईल" म्हणून सांगणे हा विज्ञानाचा दुरुपयोग आहे.

राहता राहिला उपाय. रोधक थर खोलीच्या आतून न लावता स्लॅबच्या वर घालावा. आतून लावल्यास स्लॅब तापतच राहतो आणि पंख्यालाही जागा उरत नाही. थरात पावसाचे पाणी मुरले तर त्याचा गुण जातो, म्हणून त्यावर गळतीरोधक काम चोख हवे. थराचा खर्च झेपत नसेल, तर चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी किंवा साधा चुना हेही पुष्कळ ऊन परतवतात. मात्र पावसाळ्यात शेवाळाने गच्ची काळी पडते, म्हणून उन्हाळ्यापूर्वी दरवर्षी हात फिरवावा लागतो. बोरिवली-मुलुंडकडच्या कित्येक सोसायट्यांनी गळती थांबवण्यासाठी परवानगी घेऊन गच्चीवर पत्र्याची उंच शेड बांधली आहे. बाजू मोकळ्या असल्या, तर तीच शेड स्लॅबला सावली देते आणि पत्र्याची धग वाऱ्याबरोबर निघून जाते. आणि काहीही केले तरी रात्री खिडक्या उघड्या हव्यात. नाहीतर बाहेरची उष्णता अडवणारे छत स्वयंपाकघराची आणि माणसांची उष्णता आतच राखून ठेवील.

आपल्या घरात दोष छताचाच आहे का, हे कसे ओळखावे? रात्री आठला स्टुलावर चढून छताला तळहात लावावा आणि मग आतल्या भिंतीला लावावा. नंतर बिऱ्हाड बदलून एक मजला खाली जावे आणि तोच प्रयोग करावा. आम्ही दोघा मित्रांनी तो केला. त्याच्या छताला हात निवांत ठेवता आला, आमच्या छतावरचा हात आपोआप मागे आला. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग पंख्याला बोल लावून काय उपयोग? गच्चीचं बघा." सोसायटीच्या पुढच्या सभेत हेच वाक्य मांडायचे मी ठरवले आहे.