तीन मोजमापे, दोन अज्ञात: आयताकृती मॅट्रिक्सचे डावे-उजवे व्यस्त

चौरस मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य नसेल तर तिला व्यस्त असतो, हे बारावीत शिकवतात. आयताकृती मॅट्रिक्सला निश्चयकच नसतो, त्यामुळे तिचा विषय तिथेच संपतो. पण प्रयोगशाळेत गाठ पडते ती बहुतेकदा अशाच मॅट्रिक्सशी, कारण मोजमापे आणि अज्ञात संख्या क्वचितच सारख्या असतात.

टांगलेली एक स्प्रिंग घेऊ. वजन नसताना तिची लांबी a सेंटिमीटर आहे आणि दर वजनामागे ती b सेंटिमीटरने वाढते. आपण शून्य, एक आणि दोन सारखी वजने लावून तीनदा लांबी मोजतो. a आणि b वरून या तीन लांबी देणारी मॅट्रिक्स अशी:

```
A =  १  ०
     १  १
     १  २
```

आपल्याला उलटे जायचे आहे, लांबींवरून a आणि b कडे. त्यासाठी LA = I होईल अशी L हवी, म्हणजे A ने केलेले काम L ने पुसून दोन आकडे जसेच्या तसे परत द्यावेत. हा डावा व्यस्त. तो काढण्याची एक रीत अशी: A च्या ओळींचे स्तंभ करा आणि त्या नव्या मॅट्रिक्सने A ला डावीकडून गुणा. दोन ओळी-दोन स्तंभांची चौरस मॅट्रिक्स मिळते (३, ३ आणि ३, ५), तिचा निश्चयक ६. तिच्या व्यस्ताने त्या नव्या मॅट्रिक्सला डावीकडून गुणले की:

```
L = १/६ ×   ५  २  -१
           -३  ०   ३
```

समजा लांबी १०, १२ आणि १४.६ आल्या. L सांगते a = ९.९, b = २.३. पण डावा व्यस्त एकच नसतो. तिसरे मोजमाप सोडून पहिल्या दोनांवरूनच उत्तर काढणारी मॅट्रिक्सही LA = I पाळते आणि ती १० व २ सांगते. मोजमापे अचूक असती तर दोघींचे उत्तर एकच आले असते. चूक शिरली की फरक दिसतो. वरची L निवडायची ती अशासाठी, की तिन्ही चुकांच्या वर्गांची बेरीज ती सर्वांत कमी ठेवते. ही न्यूनतम वर्गांची रीत लजांद्र यांनी १८०५ मध्ये छापली.

आता क्रम बदलून AL पाहा. १०, १२, १४.६ दिल्यावर ९.९, १२.२, १४.५ मिळतात, मूळ आकडे परत येत नाहीत. ते येणारही नाहीत, कारण A कडून निघणाऱ्या तीन लांबींत वाढ नेहमी सारखी असते आणि इथे ती २ व २.६ आहे. म्हणून उभ्या मॅट्रिक्सला उजवा व्यस्त मिळूच शकत नाही.

डावा व्यस्त असायला मात्र स्तंभ एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. तिन्ही वेळा एकच वजन लावले तर दोन्ही स्तंभ सारखे होतात आणि a, b वेगळे करता येत नाहीत. वजने १, १.०१ आणि १.०२ अशी जवळजवळ सारखी ठेवली, तर व्यस्त मिळतो खरा, पण b च्या ओळीत -५०, ०, ५० असे आकडे येतात. शेवटच्या मोजमापातली एक मिलिमीटरची चूक b मध्ये पाच सेंटिमीटर होऊन उतरते. L मध्ये असे अवाढव्य आकडे दिसले, की उत्तरावर विसंबू नये.

उजव्या व्यस्ताचा प्रश्न आडव्या मॅट्रिक्सचा, जिथे अज्ञात जास्त आणि अटी कमी. एका दांडीवर टोकापासून ०, १, २ अंतरांवर तीन आकडे आहेत. एकूण वजन ६ आणि टोकाभोवतीचे परिबलही ६ हवे. २, २, २ चालते, ३, ०, ३ चालते, ०, ६, ० ही चालते. कोणतीही मागणी पुरी करून देणारी मॅट्रिक्स R म्हणजे उजवा व्यस्त, BR = I. इथली B म्हणजे वरच्या A चेच स्तंभ ओळी करून ठेवलेली मॅट्रिक्स, आणि L ला तसेच फिरवले की एक R मिळते. ती २, २, २ निवडते, कारण त्या तिघांत वर्गांची बेरीज तिचीच सर्वांत कमी: १२, १८, ३६. अट इथे ओळींवर: त्या स्वतंत्र हव्यात. आकडे एकाच जागी असते, तर वजन आणि परिबल स्वतंत्रपणे मागता आले नसते.

एकाच मॅट्रिक्सला दोन्ही व्यस्त असतील तर ते एकच ठरतात: L = L(AR) = (LA)R = R. हे चौरस मॅट्रिक्सलाच जमते.

दोन्ही नसतील तेव्हाही एक व्याख्या उरते. ती मूर यांनी १९२० मध्ये आणि पेनरोज यांनी १९५५ मध्ये स्वतंत्रपणे दिली, पुढे सी. आर. राव आणि सुजितकुमार मित्र यांनी १९७१ मध्ये अशा व्यापक व्यस्तांवर ग्रंथच लिहिला. आपल्या स्प्रिंगला तिन्ही वेळा एकच वजन लावून लांबी १२, १२, १२ आली, तर मूर-पेनरोज व्यस्त a = ६, b = ६ असे उत्तर देतो. बेरीज १२ बरोबर जुळते. स्प्रिंग खरी १० आणि २ ची असली, तरी त्या तीन मोजमापांत ते कुठेच नसते.