पिक्सेलेशनच्या चौकोनांमागे काय उरते

पिक्सेलेशन करताना चित्राचे लहान चौरस तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यातल्या सगळ्या पिक्सेलांच्या रंगाची सरासरी काढतात आणि तो एकच रंग तुकडाभर भरतात. तुकडा ८ बाय ८ पिक्सेलांचा असेल, तर ६४ किमतींच्या जागी एकच किंमत उरते. त्या एका किमतीवरून मूळच्या ६४ परत काढता येत नाहीत. म्हणून पिक्सेलेशन उलटे फिरवता येणार नाही, असे वाटणे साहजिक आहे. मजकुराच्या बाबतीत मात्र उलटे फिरवण्याची गरजच पडत नाही. अंदाज करून ताडून पाहिले तरी पुरते.

समजा, बँकेच्या स्टेटमेंटच्या स्क्रीनशॉटमध्ये अकरा आकडी खाते क्रमांक असा झाकला आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीची किंमत २५५ आणि काळ्या अक्षराची ०. एखादा चौकोन १९१ किमतीचा, म्हणजे फिकट करडा दिसला, तर त्यातले सुमारे १६ पिक्सेल काळे होते हे कळते. ते नेमके कुठे होते हे कळत नाही, पण त्या जागी कोणता अंक बसू शकतो यावर मर्यादा येते. आता त्याच फॉन्टमध्ये, त्याच आकारात ० ते ९ हे अंक एकेक करून लिहायचे, त्यांचे तसेच पिक्सेलेशन करायचे आणि चौकोनांचे रंग मूळ चित्राशी जुळवायचे. सर्वांत जवळ जुळतो तो पहिला अंक. तो पक्का धरून दुसरा, मग तिसरा. पूर्ण क्रमांक एकदम ओळखायचा तर दहा हजार कोटी शक्यता तपासाव्या लागल्या असत्या. एकेक अंक घेतला की त्या अकरा गुणिले दहा, म्हणजे अवघ्या ११० होतात. एखादा चौकोन दोन अंकांवर पसरलेला असतो, तिथे दोन्ही अंकांच्या जोड्या करून पाहाव्या लागतात. चौकोनांची जाळी अक्षरांवर नेमकी कुठे सुरू झाली हेही ठाऊक नसते, पण ८ बाय ८ च्या तुकड्याला तशा सुरुवाती ६४च. संगणकाला हे काम किरकोळ आहे. डॅन पेट्रो या सुरक्षा तज्ज्ञाने २०२२ मध्ये खुले केलेले ‘अनरिडॅक्टर’ याच पद्धतीने अक्षरे ओळखते.

ही युक्ती कुठे अडते, हेही त्याच हिशोबातून दिसते. फॉन्ट किंवा त्याचा आकार चुकीचा धरला, की एकही अंक नीट जुळत नाही. काही प्रोग्रॅम सरासरी पडद्यावरच्या किमतींची काढतात, काही प्रत्यक्ष प्रकाशाची. अर्धा काळा आणि अर्धा पांढरा तुकडा पहिल्या रीतीने १२८ च्या आसपास येतो, दुसऱ्या रीतीने १८८ च्या. जेपेग फाइलमधला गोंगाट आणि हाताने लिहिलेला मजकूरही अंदाज बिघडवतात. चौकोन अंकाहून बरेच मोठे असले, तर अनेक उत्तरे सारखीच जुळू लागतात. छापील मजकुराला मात्र यातले संरक्षण क्वचितच मिळते, कारण फॉन्ट ओळखीचा असतो आणि त्याच ओळीतली उघडी अक्षरे नमुना म्हणून समोरच असतात.

चेहऱ्यांचे गणित वेगळे. चेहऱ्याच्या शक्यता दहा नसतात, म्हणून एका छायाचित्रातला पिक्सेलेट केलेला चेहरा पुन्हा ‘स्वच्छ’ करून देणारी साधने प्रत्यक्षात नवा चेहरा रचतात. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचे ‘पल्स’ हे साधन २०२० मध्ये गाजले ते यामुळेच: बराक ओबामांच्या धूसर चित्रातून त्याने एक गोरा माणूस काढला. मात्र संशयितांची यादी आधीच हाताशी असेल, तर प्रश्न पुन्हा ताडून पाहण्याचा होतो, आणि त्यात यंत्र माणसापेक्षा सरस ठरू शकते. व्हिडिओमध्ये धोका आणखी वाढतो. चेहरा हलतो, जाळी जागेवर राहते, त्यामुळे दर फ्रेममध्ये वेगळी सरासरी मिळते आणि त्या एकत्र करून तपशील वाढवता येतो.

चित्र भोवऱ्यासारखे फिरवणे तर पिक्सेलेशनपेक्षाही कच्चे, कारण त्यात पिक्सेल बहुतांशी फक्त जागा बदलतात. २००७ मध्ये जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी असा फिरवलेला चेहरा उलट फिरवून मिळवला. इंटरपोलने तो प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी थायलंडमध्ये अटक झाली.

लपवण्याची भरवशाची रीत दिसायला कुरूप आहे: पूर्ण अपारदर्शक, एकाच रंगाची पट्टी. तिच्या रंगात खालच्या मजकुराचा अंशही नसतो, त्यामुळे ताडून पाहायला काहीच उरत नाही. फोनमधल्या हायलायटरने चार-पाच वेळा गिरवलेली पट्टी मात्र अर्धपारदर्शक असते. चित्राची उजळणी वाढवली की अक्षरे वर येतात. पट्टी मजकुरापेक्षा थोडी लांब ठेवावी, नाहीतर तिच्या रुंदीवरून नावाची लांबी कळते. चेहऱ्याच्या बाबतीत पट्टी केस आणि कानांसकट पूर्ण डोक्यावर हवी. फक्त डोळ्यांवरच्या पट्टीने ओळखीचा माणूस लपत नाही. पिक्सेलेशनचेच रूप हवे असेल, तर आधी खोटा क्रमांक लिहून मग त्याचे पिक्सेलेशन करावे.

पट्टी खरोखर चित्रात मिसळली आहे का, हे फाइलवर ठरते. पीडीएफमध्ये काळा चौकोन काढला तरी खालचा मजकूर तसाच राहतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांतला झाकलेला भाग लोकांनी नुसता कॉपी-पेस्ट करून वाचला. तपासण्याची रीतही हीच: पट्टीवरून कर्सर ओढून मजकूर निवडावा आणि दुसरीकडे पेस्ट करून पाहावे. काही आले नाही तरी तो मजकूर स्कॅनच्या चित्रात असू शकतो, म्हणून पट्टी हलवताही येते का ते बघावे. चित्रांमध्येही फसगत होते. २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘अ‍ॅक्रोपॅलिप्स’ दोषामुळे गुगल पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलच्या शेवटी जुन्या चित्राचा भाग शिल्लक राहत असे आणि तो परत मिळवता येई. झाकलेल्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट घेऊन, तो न कापता, मूळ फाइलऐवजी पाठवला तर असले थर आणि उरलेले तुकडे सोबत जात नाहीत.